ग्रेडच्या बँडमध्ये मी नेमका कुठे? सीटीसी, फिक्स्ड आणि न जुळणारा हिशोब

कोरा_कागद

एप्रिलचं इन्क्रिमेंट तोंडावर आलंय आणि एक हिशोब काही केल्या जुळत नाहीये. पुण्यातली मध्यम आकाराची प्रॉडक्ट कंपनी, माझी ग्रेड जी-६. मॅनेजर म्हणतो, "तुझा पगार बँडच्या खालच्या चतुर्थांशात आहे, त्यामुळे यंदा वाव आहे." एचआरला विचारून बँडचे आकडे मिळवले: किमान १३ लाख, कमाल १९.५ लाख. त्याचा मध्य आला १६.२५ लाख. माझं सीटीसी १७,५९,०३२. म्हणजे मी मध्याच्याही वर आहे. मग खालच्या चतुर्थांशात कसा?

लेटरमधले वार्षिक आकडे जसेच्या तसे देतो:

बेसिक ७,२०,०००
एचआरए २,८८,०००
स्पेशल अलाउन्स ४,३२,०००
कंपनीचा पीएफ ८६,४००
ग्रॅच्युइटी ३४,६३२
व्हेरिएबल, १०० टक्के मिळाला तर १,८०,०००
ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता १८,०००

मॅनेजर चुकतोय, एचआर चुकतंय की मी?

वाडीकर_नाना

पे बँड म्हणजे ९३००-३४८०० ना? तो सहाव्या वेतन आयोगातला पीबी-२. ग्रेड पे ४२०० असेल तर सातव्यात लेव्हल ६, सुरुवात ३५,४०० आणि पुढचा कप्पा ३६,५००. लेटरवर लेव्हल बघा, तक्त्यात बोट ठेवा, संपलं. यात चतुर्थांश कुठून आला?

मोजपट्टी

नाना, तो सरकारी तक्ता. तिथे प्रत्येक कप्पा छापलेला आहे, दरवर्षी सुमारे तीन टक्क्यांनी माणूस एक कप्पा खाली सरकतो आणि कोण कुठे आहे यावर वाद होत नाही. खासगी कंपनीच्या बँडला कप्पे नसतात. दोन टोकं असतात आणि मध्ये एक खूण, तिला मिडपॉइंट म्हणतात. त्या दोन टोकांमध्ये माणूस कुठेही असू शकतो, आणि दरवर्षी पुढेच सरकेल असंही नाही.

कोरा_कागद, कोणीच चुकत नाहीये. तुम्ही दोन वेगळ्या मापांची तुलना करताय. बँड कशावर बांधलाय ते आधी विचारायला हवं होतं. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या बँड फिक्स्ड पगारावर बांधतात, सीटीसीवर नाही. कारण सोपं आहे: व्हेरिएबलची टक्केवारी ग्रेडनुसार बदलते, मेडिक्लेमचा हप्ता विमा कंपनी ठरवते आणि ग्रॅच्युइटी हा बेसिकच्या ४.८१ टक्क्यांचा कागदी आकडा आहे. कामाची किंमत ठरवताना हे सगळं मिसळलं तर पट्टी दरवर्षी आपोआप वाकडी होईल.

तुमचे आकडे तीन प्रकारे लावून बघू. बँडची लांबी साडेसहा लाख.

संपूर्ण सीटीसी धरलं तर १७.५९ वजा १३ म्हणजे ४.५९. भागिले ६.५, आले सुमारे ७१ टक्के. तुम्हाला दिसतंय ते हे.

बेसिक, एचआरए आणि स्पेशल अलाउन्स एवढंच धरलं तर १४.४० लाख. १३ पासून १.४० वर. भागिले ६.५, आले साडेएकवीस टक्के. मॅनेजरला दिसतंय ते हे, आणि हा खरोखर खालचा चतुर्थांश आहे.

त्यात कंपनीचा पीएफ मिळवला तर १५.२६ लाख, म्हणजे जवळजवळ ३५ टक्के. काही कंपन्या फिक्स्ड म्हणताना हे धरतात.

माणूस एकच, लेटर एकच, आणि उत्तर साडेएकवीसपासून एकाहत्तरपर्यंत. मॅनेजरच्या वाक्यावरून तुमच्याकडे मधला हिशोब चालतो असं दिसतं, पण एचआरकडून लेखी विचारून घ्या.

पेरूची_फोड

एचआरवाले यासाठी काँपा-रेशो वापरतात. पगार भागिले मिडपॉइंट. तुमचा १४.४० भागिले १६.२५, म्हणजे ०.८८६. याचा अर्थ बँडचा ८८ टक्के प्रवास झाला, वर फक्त १२ टक्के उरले. मग मॅनेजर 'वाव आहे' म्हणतो ते गोड बोलणं झालं. जी-७ मागा.

मोजपट्टी

भागाकार बरोबर, अर्थ उलटा. काँपा-रेशो शून्यापासून सुरू होत नाही. या बँडची किमान रक्कमच मिडपॉइंटच्या ०.८० आहे आणि कमाल १.२०. म्हणजे या ग्रेडमधला सगळा खेळ ०.८० ते १.२० एवढ्यातच आहे. त्यात ०.८८६ म्हणजे दाराजवळच.

प्रवास किती झाला हे बघायचं तर दुसरं माप लागतं, वर मी काढलं ते. त्याला रेंज पेनेट्रेशन म्हणतात. दोन्हीची सूत्रं शीटमध्ये टाकून ठेवा. B2 मध्ये पगार, C2 किमान, D2 कमाल, E2 मिडपॉइंट:

```
=B2/E2
=(B2-C2)/(D2-C2)
```

पहिलं सांगतं की कंपनीने या कामाची जी किंमत मानली आहे, त्याच्या किती जवळ तुमचा पगार आहे. दुसरं सांगतं की छप्पर किती लांब आहे. या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की लोक ०.९५ पाहून "आता माझं संपलं" म्हणतात आणि त्या वेळी ते बँडच्या मध्याच्याही अलीकडे असतात.

पेरूची_फोड

अच्छा, मान्य. आमच्याकडे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, मॅनेजरसुद्धा.

चकली_मोडली

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमची कंपनी बँडचे आकडे देतच नाही. वर्कडेमध्ये माझ्या कॉम्पेन्सेशनच्या पानावर फक्त Compa-Ratio दिसतो, ०.९४. फिक्स्ड १२.६ लाख. यातून काही निघतं का?

पेरूची_फोड

मिडपॉइंट तरी निघेल. १२.६ भागिले ०.९४, साधारण १३.४ लाख. रुंदी किती टक्के ते विचारा. समजा ६० टक्के असेल तर निम्मी खाली, निम्मी वर. म्हणजे मध्यातून ३० टक्के वजा करा, किमान ९.४ लाख.

मोजपट्टी

मिडपॉइंट बरोबर काढलात. किमान चुकली, आणि ही चूक फार पसरलेली आहे. बँडची रुंदी मध्यावर नाही, किमान रकमेवर मोजतात. ६० टक्के रुंदी म्हणजे कमाल ही किमानच्या १.६ पट. मग मध्य हा किमानच्या १.३ पट. म्हणून मध्याला १.३ ने भागायचं, ३० टक्के वजा करायचे नाहीत. १३.४ भागिले १.३ म्हणजे १०.३ लाख किमान आणि कमाल साधारण १६.५ लाख.

१२.६ वरच्या माणसाची जागा फारशी बदलत नाही, पहिल्या हिशोबात ४० टक्के आणि दुसऱ्यात ३७, पण किमान रक्कमच जवळपास ९० हजारांनी चुकते.

चकली_मोडली, एक सावधगिरी. स्क्रीनवर ०.९४ दिसतं तेव्हा आत ०.९३५ ते ०.९४५ मधलं काहीही असू शकतं, म्हणजे मिडपॉइंट १३.३३ ते १३.४८ मध्ये कुठेही. त्यामुळे एचआरसमोर "माझा मिडपॉइंट १३,४०,४२५ आहे" असं छातीठोकपणे सांगू नका. "१३.४ लाखांच्या आसपास, बरोबर ना?" एवढं विचारा. हो किंवा नाही म्हणायला माणूस तयार होतो. कोरा आकडा द्यायला होत नाही.

चकली_मोडली

हे आवडलं. रुंदी विचारून बघते.

सॅन_होजेचा_बंड्या

इकडे हा खटाटोप कमी झालाय. कोलोरॅडोत २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून जाहिरातीत पगाराची रेंज द्यावी लागते (कॅलिफोर्नियात १५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना). कॅलिफोर्नियात तर नोकरीत असलेला माणूसही आपल्या पदाची रेंज मागू शकतो. भारतातल्या टीमची ग्रेड आणि इकडची ग्रेड एकच असेल तर आमच्या करिअर पेजवर बघा ना, डॉलरचे रुपये करा की झालं.

मोजपट्टी

तेवढं मात्र करू नका. ग्रेड जगभर एक असते, बँड देशागणिक वेगळा असतो. ग्रेड म्हणजे कामाचं वजन: किती जबाबदारी, प्रश्न किती अवघड, निर्णय कुठवर. कोर्न फेरी या सल्लागार कंपनीची Hay पद्धत यालाच गुण देते. एकदा वजन ठरलं की त्या त्या देशातल्या बाजारात त्या वजनाला काय भाव आहे ते मर्सर, एऑन वगैरेंच्या सर्व्हेतून बघतात आणि त्यावर स्थानिक बँड बांधतात. पुण्याचा बँड डॉलर गुणिले विनिमय दर असा कधीच येत नाही. काही ठिकाणी तर बंगळूर आणि नागपूरसाठीही एकाच ग्रेडला वेगळे बँड असतात.

शिवाय जाहिरातीतली रेंज म्हणजे अख्खा बँड असेलच असं नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा नेमणुकीच्या वेळी जेवढं द्यायची वाजवी अपेक्षा आहे तेवढी रेंज मागतो, त्यामुळे बँडचं वरचं टोक तिथे दिसणार नाही असं होऊ शकतं. तरी त्या पानाचा एक उपयोग आहे. शेजारच्या दोन ग्रेडच्या रेंज बघा. त्या एकमेकांवर किती चढल्यात त्यावरून कंपनीच्या रचनेचा अंदाज येतो.

सॅन_होजेचा_बंड्या

मान्य. बोनस आणि शेअर्स त्या रेंजमध्ये धरत नाहीत हे मी लिहायला विसरलो. इथले नवखे लोकही कोरा_कागद यांच्यासारखेच एकूण रकमेशी तुलना करून फसतात.

तिसरा_डबा

पेरोल आणि कॉम्पेन्सेशनच्या बाजूने थोडं. 'वाव आहे' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि मॅनेजर लोक मुद्दाम किंवा नकळत ते मिसळतात. बँडमध्ये जागा असणं वेगळं आणि बजेटमध्ये पैसे असणं वेगळं.

इन्क्रिमेंट ज्या तक्त्यावरून निघतं त्यात एका बाजूला रेटिंग असतं आणि दुसऱ्या बाजूला बँडमधली जागा. रेटिंग सारखंच असलं तरी खालच्या चतुर्थांशातल्याला, समजा, ९ टक्के आणि वरच्यातल्याला ६ टक्के असं ते बसवतात. पण अख्ख्या टीमची बेरीज ठरलेल्या बजेटात बसायला हवी. टीममध्ये सगळेच खालच्या चतुर्थांशात असले, नव्या टीममध्ये असतात, तर तक्त्यातले आकडे छाटले जातात. म्हणून मॅनेजरला विचारा: तक्त्यात माझ्या चौकटीत किती टक्के आहेत, आणि ते मार्गदर्शक आहेत की पक्के? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतील. दुसऱ्यावर थांबतील, आणि थांबले की समजा छाटणी व्हायची आहे.

पीएफबद्दल मात्र मोजपट्टी यांच्याशी असहमत. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी फिक्स्डमध्ये कंपनीचा पीएफ धरतात, कारण कर्मचाऱ्यासाठी दर महिन्याला ठरलेली रक्कम जातेच. तो न धरणारे कमी.

मोजपट्टी

माझा अनुभव उलटा आहे. मल्टिनॅशनलमध्ये न धरणारे जास्त भेटले. इथे मोजदाद करून निकाल लागणार नाही. ज्याच्या त्याच्या पॉलिसीत 'फिक्स्ड पे' किंवा 'ॲन्युअल बेस' याची व्याख्या एका ओळीत लिहिलेली असते, ती ओळ वाचायची. बजेटचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा.

कोरा_कागद

एचआरचं उत्तर आलं. फिक्स्ड म्हणजे बेसिक, एचआरए आणि स्पेशल अलाउन्स, पीएफ बाहेर. म्हणजे साडेएकवीस टक्के पक्के. त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: "वरील बँड गेल्या एप्रिलपासून लागू आहे, १ एप्रिलला सुधारित बँड येईल." याने काही फरक पडतो?

मोजपट्टी

खूप पडतो. बँड जागेवर उभा राहत नाही, बाजार चढला की दरवर्षी सर्व्हे बघून तो वर सरकवतात. समजा यंदा ६ टक्क्यांनी सरकला. नवी किमान १३.७८ लाख, मिडपॉइंट १७.२२५, कमाल २०.६७. आता तुम्हाला एक पैसाही वाढला नाही असं धरा. १४.४० वर तुम्ही नव्या बँडमध्ये ९ टक्क्यांवर येता. काम तेच आणि पगार तोच, पण जागा साडेएकवीसवरून नऊवर घसरली.

८ टक्के मिळाले तर १५.५५ लाख. काँपा-रेशो ०.८८६ वरून ०.९०३. म्हणजे आठ टक्क्यांच्या वाढीत मिडपॉइंटकडे सरकणं झालं ते दोनच टक्के, बाकीची वाढ बँडच्या मागे धावण्यात गेली. दरवर्षी ८ मिळत राहिले आणि बँड ६ ने सरकत राहिला तर मिडपॉइंट गाठायला साधारण साडेसहा वर्षं लागतील. बाहेरून येणाऱ्याला तोच मिडपॉइंट पहिल्या दिवशी देऊ करतात, हा जुन्या लोकांचा राग तिथून येतो.

त्यामुळे तुमच्या प्रश्नात आणखी एक भर घाला: माझं इन्क्रिमेंट कुठल्या बँडवर मोजणार, जुन्या की नव्या? जुन्यावर तुम्ही साडेएकवीस टक्क्यांवर आहात, नव्यावर नऊवर. तक्त्यात दोन्ही एकाच चौकटीत पडतील कदाचित, पण ज्याची जागा २७ टक्के आहे त्याची चौकटच बदलू शकते.

वाडीकर_नाना

म्हणजे सरकारात महागाई भत्ता वाढतो तसंच की. फक्त इथे भत्ता बँडला मिळतो, माणसाला नाही.

तिसरा_डबा

नाना, हे वाक्य आमच्या प्रेझेंटेशनमध्ये वापरणार.

पेरूची_फोड

मग माझा मूळ मुद्दा उरतोच. साडेसहा वर्षं थांबण्यापेक्षा जी-७ मागितली तर?

मोजपट्टी

मागा, पण प्रमोशनने बँडमधली जागा सुधारते हा गैरसमज काढून टाका. वरची ग्रेड म्हणजे वरचा मिडपॉइंट. समजा जी-७ चा बँड १५.६ ते २३.४, मध्य १९.५. दोन बँडचा मोठा भाग एकमेकांवर चढलेला असतो, १५.६ ते १९.५ पर्यंतचा पगार दोन्हींत बसतो. १४.४० वर प्रमोशनचे १० टक्के मिळाले तर १५.८४. जी-६ च्या बँडमध्ये हा आकडा ४४ टक्क्यांवर असता, जी-७ च्या बँडमध्ये तो जेमतेम ३ टक्क्यांवर. काँपा-रेशो ०.८१. रक्कम वाढली, माणूस पुन्हा दाराशी.

आणि ८ टक्केच दिले तर १५.५५, म्हणजे जी-७ च्या किमान रकमेच्याही खाली. अशा पगाराला ग्रीन सर्कल म्हणतात. बहुतेक पॉलिसींत ते किमानपर्यंत आणायचं लिहिलेलं असतं, पण लगेच की दोन टप्प्यांत, हे बघून घ्यावं लागतं.

आता यात १ एप्रिल आणा. बँड सहा टक्क्यांनी सरकला की जी-७ ची किमान १६.५४ होते. १४.४० वरून तिथे पोचायलाच जवळपास १५ टक्के लागतात. म्हणून प्रमोशनची तारीख आणि बँड सरकायची तारीख यांची मांडणी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

कोरा_कागद

आमच्याकडे प्रमोशन ऑक्टोबरला होतात.

तिसरा_डबा

मग एप्रिलचे ८ टक्के आधी घ्या. १५.५५ वर पोचलात की ऑक्टोबरला १६.५४ ची किमान गाठायला ६.३ टक्के पुरतात आणि १० टक्के मिळाले तर १७.११, काँपा-रेशो ०.८३. फक्त एक बघा: ऑक्टोबरला प्रमोशन घेणाऱ्याचं पुढच्या एप्रिलचं इन्क्रिमेंट काही कंपन्या सहा महिन्यांपुरतं, म्हणजे निम्मं देतात. ती ओळ प्रमोशन पॉलिसीत असते, इन्क्रिमेंटच्या पॉलिसीत सापडणार नाही.

चकली_मोडली

माझंही उत्तर आलं. रुंदी ६० नाही, ५० टक्के. म्हणजे १३.४ भागिले १.२५, किमान १०.७ आणि कमाल १६.१. मी ३५ टक्क्यांवर. बरोबर?

मोजपट्टी

बरोबर. आता बँड कुठल्या तारखेचा आहे ते विचारा.